आठ रुपये की सात रुपये सत्त्याहत्तर पैसे?

तिमाही निकालांचा हंगाम आला की अर्थविषयक पानांवर कंपन्यांचे चौकटीबंद निकाल झळकू लागतात. उत्पन्न, खर्च, करपूर्व नफा, करोत्तर नफा अशा ओळी उतरत जातात आणि अगदी तळाशी दोन ओळी उरतात, ‘प्रति शेअर कमाई : बेसिक’ आणि ‘प्रति शेअर कमाई : डायल्यूटेड’. बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत दोन्ही आकडे सारखेच असतात, त्यामुळे वाचणारा पहिला आकडा पाहून पुढे सरकतो. पण एखाद्या कंपनीच्या तळाशी बेसिक ८.०० आणि डायल्यूटेड ७.७७ असे छापलेले दिसले, तर त्या तेवीस पैशांत कंपनीने वर्षभरात पैसा कसा उभा केला याची बरीचशी हकिगत दडलेली असते.

ही हकिगत उलगडायला एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे आर्थिक वर्ष १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. वर्षाच्या सुरुवातीला तिचे १ कोटी शेअर बाजारात आहेत. वर्षाचा करोत्तर नफा ९ कोटी २० लाख रुपये. एवढेच असते तर गणित चौथीच्या मुलालाही जमले असते, शेअरमागे ९ रुपये २० पैसे. पण या कंपनीने त्या वर्षात दोन गोष्टी केल्या. १ जुलैला तिने २० कोटींचे कन्व्हर्टिबल डिबेंचर विकले, म्हणजे धारकाला वाटल्यास पुढे शेअरमध्ये बदलून घेता येणारे कर्जरोखे. आणि १ ऑक्टोबरला ३० लाख नवे शेअर रोख पैसे घेऊन दिले.

आधी शेअरचे पाहू. ३१ मार्चला कंपनीचे १ कोटी ३० लाख शेअर आहेत. नफ्याला त्यांनी भागले तर उत्तर ७ रुपये ८ पैसे येते. पण हे नव्या शेअरांवर आणि कंपनीवरही अन्याय करणारे आहे. त्या ३० लाख शेअरांचा पैसा कंपनीच्या हाती फक्त सहा महिने होता. एप्रिल ते सप्टेंबरचा नफा त्या पैशाशिवाय झाला, मग त्या सहा महिन्यांच्या वाटणीत हे शेअर कसे बसवायचे? खानावळीत पंधरा तारखेला आलेल्या माणसाकडून कोणी पूर्ण महिन्याचे पैसे घेत नाही, त्याची अर्धीच खानावळ धरतात. इथेही तेच. ३० लाख शेअर अर्धे वर्ष, म्हणजे पूर्ण वर्षाच्या हिशेबाने १५ लाख. भागायचा आकडा १ कोटी १५ लाख आणि बेसिक ईपीएस बरोबर ८ रुपये.

या १ कोटी १५ लाखांना हिशेबनीस भारित सरासरी म्हणतात. काटेकोर मोजायचे तर दिवस धरावे लागतात. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १८२ दिवस, तेव्हा ३० लाखांना १८२ ने गुणून ३६५ ने भागले की १४,९५,८९० येतात. महिन्यांनी मोजलेल्या १५ लाखांशी फरक किरकोळ आहे आणि उत्तर फारसे बदलत नसेल तर महिन्यांचे गणित नियमांना चालते. जास्त महत्त्वाचा प्रश्न घड्याळ कधी सुरू करायचे हा आहे. नियम सांगतो, शेअरचे पैसे कंपनीला येणे झाले तेव्हापासून. शेअर बाजारात नोंद कधी झाली किंवा डिमॅट खात्यात शेअर कधी दिसले याला इथे महत्त्व नाही.

बोनस शेअरांना मात्र हे घड्याळ लागतच नाही. बोनसमध्ये कंपनीकडे नवा पैसा येत नाही, जुन्याच भाकरीचे जास्त तुकडे होतात. म्हणून बोनस डिसेंबरमध्ये दिला तरी ते शेअर वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आहेत असे धरतात आणि तुलनेसाठी शेजारी छापलेला मागच्या वर्षाचा ईपीएसही नव्या संख्येने पुन्हा काढतात. एकास एक बोनस दिलेल्या कंपनीचा गेल्या वर्षीचा ‘१२ रुपये’ या वर्षीच्या अहवालात ‘६ रुपये’ झालेला दिसतो, तो याच कारणाने.

वर्षाच्या मध्यावर आलेल्या शेअरांची खरी किंमत कळते ती पुढच्या वर्षी. आपल्या कंपनीचा २०२५-२६ चा नफा १० कोटी ४० लाख झाला असे समजू. नफा तेरा टक्क्यांनी वाढला आणि संचालकांच्या भाषणात ही वाढ ठळकपणे येईल. पण आता ते ३० लाख शेअर बारा महिने हजर आहेत. १० कोटी ४० लाखांना १ कोटी ३० लाखांनी भागले की पुन्हा ८ रुपयेच. भागधारकाच्या वाट्याला एक पैसाही जास्त आलेला नाही. पहिल्या वर्षी अर्धेच मोजलेले शेअर दुसऱ्या वर्षी पूर्ण वजनाने येतात आणि कंपनीला त्याच जागी उभे राहण्यासाठीसुद्धा धावावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठा शेअरविक्रीचा कार्यक्रम उरकणाऱ्या कंपनीचा त्या वर्षीचा ईपीएस वाचताना हे ध्यानात ठेवायलाच हवे, कारण त्या आकड्यावर नव्या शेअरांचा भार जवळजवळ पडलेलाच नसतो.

आता डिबेंचर. प्रत्येकी १,००० रुपयांचे २ लाख डिबेंचर, व्याज वर्षाला ८ टक्के आणि तीन वर्षांनी धारकाला हवे असल्यास एका डिबेंचरचे १० शेअर. म्हणजे एक शेअर १०० रुपयांना पडतो. आज हे कर्ज आहे. त्यावर व्याज जाते आणि ते नफ्यातून आधीच वजा झालेले आहे. पण उद्या धारकांनी होकार दिला तर २० लाख नवे वाटेकरी तयार होतील. जुन्या भागधारकाला हे आजच कळायला हवे की नको?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेला १९६०च्या दशकात महागात पडले. तिथे कंपन्यांमागून कंपन्या विकत घेणारे मोठे समूह तयार झाले होते आणि खरेदीची किंमत ते रोखीऐवजी कन्व्हर्टिबल रोख्यांनी चुकवत. धारकाला पुढे शेअरची आशा असल्याने व्याजदर कमी ठेवता येई. विकत घेतलेल्या कंपनीचा नफा लगेच आपल्या पुस्तकात येई, शेअरांची संख्या मात्र वाढलेली दिसत नसे. ईपीएस दर वर्षी चढताना दिसे आणि बाजार त्या चढत्या आकड्याला भाव देई. शेवटी १९६९ मध्ये तिथल्या लेखा मंडळाने आपल्या पंधराव्या मतपत्रात दोन आकडे छापणे बंधनकारक केले. त्यात एक विचित्र कसोटी होती. रोखा विकताना त्याचा परतावा बँकांच्या तेव्हाच्या प्रमुख व्याजदराच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर तो कर्ज न मानता शेअरसारखाच मानून पहिल्याच आकड्यात धरायचा. ही कसोटी किचकट होती आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या नव्या मानकाने ती मोडीत काढली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक आयएएस ३३ आले आणि बेसिक-डायल्यूटेड ही आजची जोडी रूढ झाली. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेचे लेखा मानक २० हे १ एप्रिल २००१ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झाले. मोठ्या आणि नोंदणीकृत कंपन्यांसाठी आता इंड एएस ३३ आहे. लहान व मध्यम वर्गात मोडणाऱ्या कंपन्यांना डायल्यूटेड आकडा देण्यातून सूट मिळते, त्यामुळे तो एखाद्या छोट्या कंपनीच्या अहवालात नसला तर त्यात लपवाछपवी आहे असे नाही.

डायल्यूटेड आकडा काढण्याची रीत एका कल्पनेवर उभी आहे. सगळे डिबेंचर वर्षाच्या पहिल्या दिवशीच शेअर झाले होते असे मानायचे. ते वर्षाच्या मध्यावर विकले असतील तर विकल्याच्या दिवसापासून. तसे झाले असते तर दोन गोष्टी बदलल्या असत्या. व्याज द्यावे लागले नसते आणि शेअर वाढले असते. म्हणून वरच्या आकड्यात व्याज परत मिळवायचे आणि खालच्या आकड्यात शेअर मिळवायचे.

डिबेंचर १ जुलैला विकले, तेव्हा नऊ महिने मोजायचे. २० कोटींवर ८ टक्क्यांनी नऊ महिन्यांचे व्याज १ कोटी २० लाख. पण हे व्याज दिले नसते तर नफा वाढून त्यावर करही भरावा लागला असता. सोयीसाठी कराचा दर २५ टक्के धरू. मग नफ्यात खरी भर पडते ती ९० लाखांची. शेअरांच्या बाजूला २० लाख शेअर नऊ महिने, म्हणजे १५ लाख. वर ९ कोटी २० लाख अधिक ९० लाख, म्हणजे १० कोटी १० लाख. खाली १ कोटी १५ लाख अधिक १५ लाख, म्हणजे १ कोटी ३० लाख. भागाकार ७ रुपये ७७ पैसे. वर्तमानपत्रातला दुसरा आकडा तो हाच.

या गणितात एक चूक इतक्या सहज होते की ती दाखवून द्यायलाच हवी. कर वजा करायचा विसरून पूर्ण १ कोटी २० लाख मिळवले, तर वरचा आकडा १० कोटी ४० लाख होतो आणि उत्तर येते बरोबर ८ रुपये. डिबेंचरमुळे कोणाचेही काही घटत नाही असा समज होऊन सगळे निवांत बसतात. उलट बाजूची चूकही घडते. व्याज नऊ महिन्यांचे, पण शेअर मात्र पूर्ण २० लाख धरले जातात आणि आकडा ७ रुपये ४८ पैशांवर घसरतो. व्याज आणि शेअर यांचा कालावधी एकच आहे ना, एवढे ताडून पाहिले तरी ही दुसरी चूक पकडता येते.

व्याजदर बदलला तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. समजा बाजाराने या कंपनीकडे १२ टक्के मागितले. नऊ महिन्यांचे व्याज १ कोटी ८० लाख, कर वगळून १ कोटी ३५ लाख. आधीपेक्षा ४५ लाख जास्त गेले, म्हणून नफा ८ कोटी ७५ लाखांवर येतो आणि बेसिक ईपीएस ७ रुपये ६१ पैसे होतो. आता डिबेंचर शेअर झाल्याची कल्पना करा. व्याज परत मिळवले की वरचा आकडा पुन्हा १० कोटी १० लाखच, खालचा १ कोटी ३० लाखच, आणि उत्तर पुन्हा ७ रुपये ७७ पैसे. हे असे व्हायलाच हवे, कारण रूपांतर झाल्यावर व्याजच उरत नाही, मग त्याचा दर काही का असेना.

पण ७.७७ हा ७.६१ पेक्षा मोठा आहे. म्हणजे या डिबेंचरांचे शेअर झाले तर जुन्या भागधारकाचे भलेच होईल, इतके ते कर्ज महाग आहे. अशा वेळी नियम सक्त आहे. डायल्यूटेड आकडा बेसिकपेक्षा चांगला दाखवता येत नाही. हे डिबेंचर हिशेबातून बाजूला काढायचे आणि दोन्ही ओळींत ७.६१ छापायचे. आपल्या कंपनीच्या बाबतीत हा उंबरठा साधारण १०.३६ टक्के व्याजावर येतो. त्याच्या खाली डिबेंचर ईपीएस घटवतात, वर गेले की गणतीतून बाद होतात. त्यामुळे दोन्ही ओळींत सारखा आकडा दिसला म्हणून कंपनीकडे कन्व्हर्टिबल काहीच नाही, असे मानणे चुकीचे ठरते. असे कर्ज असूनही ते या कारणाने वगळलेले असू शकते.

पटकन ताडून पाहायची युक्ती अशी, की डिबेंचरांचे करोत्तर व्याज त्यांच्या संभाव्य शेअरांनी भागावे. आठ टक्क्यांना ९० लाख भागिले १५ लाख, म्हणजे शेअरमागे ६ रुपये. ते बेसिकच्या ८ रुपयांपेक्षा कमी, म्हणून आकडा खाली ओढला जातो. बारा टक्क्यांना ९ रुपये, बेसिकच्या ७.६१ पेक्षा जास्त, म्हणून वगळायचे. कंपनीकडे असे चार-पाच प्रकारचे रोखे असतील तर हाच आकडा प्रत्येकाचा काढून, सर्वांत लहान आकड्याच्या रोख्यापासून एकेक आत घेत जातात आणि पुढचा रोखा ईपीएस वाढवू लागला की थांबतात.

प्रत्यक्ष अहवालात एक गुंतागुंत भेटते. इंड एएस वापरणारी कंपनी कन्व्हर्टिबल डिबेंचरचे पैसे आले की त्यांचे दोन भाग करते. एक शुद्ध कर्जाचा आणि दुसरा शेअर मिळण्याच्या हक्काचा, जो भागभांडवलाच्या बाजूला जातो. कर्जाचा भाग २० कोटींपेक्षा कमी भरतो, पण फेडायचे पूर्ण २० कोटी, म्हणून नफातोटा पत्रकात खर्ची पडणारे व्याज ८ टक्क्यांपेक्षा जास्त असते. ईपीएसच्या गणितात परत मिळवायचे ते हे खर्ची पडलेले व्याज. धारकांच्या खात्यात गेलेले व्याज घेतले की उत्तर चुकते.

आणखी एक फरक नव्या उद्योगांवर पैसा लावणाऱ्यांच्या रोजच्या कामाचा आहे. डिबेंचर सक्तीने शेअरमध्ये बदलणारे असतील, धारकाला ‘नको’ म्हणायची सोयच नसेल, तर इंड एएस ३३ त्यांचे शेअर करार झाल्या दिवसापासून बेसिक आकड्यातच धरायला सांगते. रूपांतर तीन वर्षांनी असो की पाच. करारपत्रात शब्द ‘ऐच्छिक’ आहे की ‘सक्तीचे’ यावर शेअर कोणत्या ओळीत बसणार हे ठरते.

आता रूपांतर खरोखर होते तेव्हा काय घडते ते. तीन वर्षांची मुदत सोडून, सगळ्या धारकांनी १ ऑक्टोबर २०२५ लाच शेअर घेतले असे समजू. त्या दिवसापर्यंत ते डिबेंचर, त्यानंतर शेअर. बेसिकमध्ये २० लाख शेअर सहा महिने, म्हणजे १० लाख धरले जातात आणि संख्या १ कोटी ४० लाख होते. रूपांतर झाले नसते तर २०२५-२६ चा नफा १० कोटी ४० लाख असता. आता सहा महिन्यांचे व्याज वाचल्याने करानंतर ६० लाखांची भर पडते आणि तो ११ कोटी होतो. बेसिक ७ रुपये ८६ पैसे. डायल्यूटेडसाठी पहिल्या सहा महिन्यांचे व्याज आणि शेअर मिळवायचे, ११ कोटी ६० लाख भागिले १ कोटी ५० लाख, उत्तर ७ रुपये ७३ पैसे. रूपांतर झाले नसते तरी डायल्यूटेड तेवढाच आला असता, १० कोटी ४० लाख अधिक पूर्ण वर्षाचे १ कोटी २० लाख भागिले १ कोटी ५० लाख, म्हणजे ७.७३. बेसिक ८ वरून ७.८६ वर उतरला, डायल्यूटेड मात्र हललाही नाही. जे होणार ते त्याने आधीच धरलेले होते.

तरीही डायल्यूटेड आकड्याकडून भाकिताची अपेक्षा ठेवता येत नाही. बाजारात शेअर ४० रुपयांना मिळत असेल तर १०० रुपये देऊन कोणी रूपांतर करणार नाही, पण हे गणित बाजारभाव पाहतच नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन एनर्जीच्या बाबतीत हेच वास्तव समोर आले. परदेशात विकलेल्या कन्व्हर्टिबल रोख्यांचे रूपांतर धारकांना परवडणारे राहिले नव्हते. त्यांना शेअर नको होते, पैसे हवे होते, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनी सुमारे २०.९ कोटी डॉलरची परतफेड करू शकली नाही. शेअर होतील म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते ते रोखे मुदतीअखेर कर्ज म्हणूनच दारात उभे राहू शकतात.

तोट्याच्या वर्षात तर डायल्यूटेड आकडा जवळजवळ मुका होतो. आपल्या कंपनीला २०२४-२५ मध्ये ४ कोटी ६० लाखांचा तोटा झाला असता तर शेअरमागे तोटा ४ रुपये. डिबेंचर शेअर झाल्याचे मानले तर तोटा ३ कोटी ७० लाख, शेअर १ कोटी ३० लाख आणि शेअरमागे तोटा २ रुपये ८५ पैसे. तोटा कमी दिसतो, म्हणजे आकडा सुधारतो, म्हणून डिबेंचर बाद. दोन्ही ओळींत उणे ४. कंपनी अडचणीत असताना, भागधारकाला नव्या वाटेकऱ्यांची सर्वांत जास्त चिंता वाटायला हवी तेव्हाच, दोन ओळींतला फरक नाहीसा होतो.

त्या वर्षी निकालाची चौकट सोडून वार्षिक अहवालाच्या टीपांमध्ये शिरावे लागते. प्रति शेअर कमाईच्या टीपेत वरचा आणि खालचा आकडा कसा तयार झाला याचा तपशील असतो. या वर्षी आकडा सुधारत असल्यामुळे वगळलेले, पण पुढे शेअर वाढवू शकणारे रोखे कोणते, हेही इंड एएस ३३ तिथेच सांगायला लावते. ३१ मार्चनंतर पण हिशेब मंजूर होण्याआधी कंपनीने मोठ्या संख्येने नवे शेअर किंवा कन्व्हर्टिबल रोखे विकले असतील तर त्याचाही उल्लेख याच टीपेत यावा लागतो, कारण एप्रिलमध्ये रोखीने दिलेले शेअर मार्चच्या आकड्यात येत नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या भागाकारात मात्र जवळजवळ पूर्ण वजनाने उतरतात.